बिलावर ‘ओरिजिनल क्वालिटी’ लिहिलं, ती चूक आमची

एका ग्राहकाचा रिव्ह्यू, १ स्टार: ‘सॅमसंगचा डिस्प्ले बदलायला ४,२०० रुपये घेतले. बिलावर “ओरिजिनल क्वालिटी” लिहून दिलं. फिंगरप्रिंट पाचातून एकदा लागतं, स्क्रीनच्या कडेची काळी पट्टी पहिल्यापेक्षा जाड दिसते. सर्व्हिस सेंटरवाल्याने बघताक्षणी सांगितलं, हा ओरिजिनल नाही. माझ्या मेव्हण्याने हाच डिस्प्ले तपकीर गल्लीत १,९०० ला टाकून घेतला. दुपटीहून जास्त पैसे घेऊन सरळ फसवणूक. कोणी जाऊ नका.’

नमस्कार सर,

तुमच्या बिलाची आमच्याकडची प्रत काढून बघितली. त्यावर खरंच ‘डिस्प्ले – ओरिजिनल क्वालिटी’ असंच लिहिलंय. सर्व्हिस सेंटरवाला बरोबर बोलला, तो ओरिजिनल नाही. ‘ओरिजिनल क्वालिटी’ हा आमच्या धंद्यातला एक लबाड शब्द आहे. ऐकणाऱ्याला फक्त ‘ओरिजिनल’ ऐकू येतं आणि बोलणाऱ्याला ते माहीत असतं. डिस्प्ले तीन प्रकारचे येतात, आणि काउंटरवरच्या मुलाने तुम्हाला तिन्ही भाव तोंडी सांगितले होते असं तो म्हणतो, आणि मला ते खरं वाटतं. पण कागदावर ते आलं नाही, त्यामुळे चूक आमच्या पदरात.

आता मेव्हण्यांच्या १,९०० बद्दल. तपकीर गल्लीला नावं ठेवायचा प्रश्नच नाही, आम्हीही माल तिथूनच उचलतो. तिथे तिन्ही प्रकारचा फोल्डर, म्हणजे काचेसकट अख्खा डिस्प्ले, मिळतो. पण तुमच्या मॉडेलचा १,९०० ला बसवून मिळतो तो तुमच्यासारखा नाही, हे मी फोन न बघता सांगू शकतो. खात्री करायची असेल तर रात्री दिवे घालवून दोन्ही फोन शेजारी ठेवा आणि दोन्हींवर पूर्ण काळा फोटो उघडून ब्राइटनेस वाढवा. तुमचा फोन अंधारात दिसेनासा होईल. मेव्हण्यांच्या फोनवर राखाडी उजेडाचा चौकोन दिसेल, बहुतेक कडांना जरा जास्त.

याचं कारण असं की तुमच्या फोनला कंपनीने अमोलेड पॅनल दिलेलं आहे. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, आणि काळं दाखवायचं तर विझतो. १,९०० वाला फोल्डर म्हणजे साधा एलसीडी. त्याच्या मागे एक बॅकलाइट कायम जळत असतो. म्हणून डार्क मोड लावून बॅटरी वाचत नाही. ‘ऑलवेज ऑन’ घड्याळ चालू ठेवलं तर चार आकड्यांसाठी अख्खा पडदा उजळतो आणि सकाळपर्यंत बॅटरी बरीच उतरलेली असते. शिवाय बॅकलाइटमुळे पॅनल जाड होतं आणि फ्रेमच्या वर किंचित उचललेलं राहतं. फ्रेमच्या कडेवरून नख फिरवलं की नख अडतं. फोन पडला की पहिला दणका त्याच उचललेल्या काचेला बसतो.

आणि फिंगरप्रिंट? मेव्हण्यांना विचाराच. स्क्रीनखाली सेन्सर असलेला तोच फोन असेल, तर त्यांचं पाचातून एकदाही लागणार नाही. बोट ठेवल्यावर स्क्रीन तिथे चमकते ती बोटावर उजेड पाडायला. तो उजेड बोटावरून परत फिरून ठिपक्यांच्या मधल्या बारीक फटींतून खालच्या सेन्सरपर्यंत जातो. एलसीडीत मध्ये बॅकलाइट आणि त्याचा चकचकीत कागद येतो, उजेड पलीकडे जातच नाही. ही सेटिंगची अडचण नाही, कुणीही ती दुरुस्त करू शकत नाही. आमच्या भाषेत हा डुप्लिकेट. आम्ही तो फक्त दुसऱ्या फोनला, म्हणजे घरात मुलांच्या हातात असलेल्या वगैरे फोनला बसवतो.

तुम्हाला बसवलेला ४,२०० वाला कंपॅटिबल आहे. तो ओलेडच आहे, म्हणजे अमोलेडसारखे ठिपके स्वतः पेटणारा, पण फोनच्या कंपनीने नव्हे, दुसऱ्याच कारखान्याने बनवलेला. रंग आणि काळेपणा ठीक असतो, बॅटरीही फारशी खात नाही. पण बऱ्याच मॉडेलमध्ये त्याचा दिसणारा भाग मूळ पॅनलपेक्षा थोडा लहान निघतो. तुम्हाला दिसलेली जाड काळी पट्टी तीच. फटींतून उजेड किती जातो हे पॅनलगणिक बदलतं, म्हणून फिंगरप्रिंट एका फोनवर झकास लागतं आणि दुसऱ्यावर रडवतं. हा धोका या प्रकारात आहेच आणि तो तुम्हाला लेखी द्यायला हवा होता.

तिसरा ७,४०० चा, सर्व्हिस पॅक. हा कंपनीचा, नव्या फ्रेममध्ये चिकटूनच येतो, म्हणून महाग आणि म्हणूनच नीट बसतो. ‘ओरिजिनल, ५,००० ला देतो’ असं कुणी म्हणालं तर तो फ्रेमसकट सीलबंद आहे की जुन्या फोनमधून काढलेला, हे नक्की विचारा. काढलेलाही खराच ओरिजिनल असतो, पण वापरलेला. पांढरा फोटो लावला की कधीकधी त्यावर जुन्या मालकाच्या कीबोर्डची पुसट सावली उमटलेली दिसते. (नुसती वरची काच फुटली असती तर काचच बदलून दोनेक हजारांत भागलं असतं. पण तुमच्या आतल्या पॅनलवर हिरवी रेघ आली होती, तिथे तो रस्ता बंद.) तिन्हींत एक गोष्ट सारखीच: फोन एकदा उघडला की पाण्याचं पहिल्यासारखं संरक्षण धरून चालू नका.

आता तुमच्या फोनचं. आधी घरी एक करून बघा. सेटिंगमधून जुने ठसे काढून टाका, बोट कोरडं करून तेच बोट दोनदा नोंदवा. टच तपासायचा असेल तर डायलरवर हे टाका:

```
*#0*#
```

पुढे उघडलेल्या पानात टच निवडून सगळ्या चौकोनांवरून बोट फिरवा. एखादा चौकोन रंग बदलत नसेल तर तो पॅनलचा दोष, तीन महिन्यांच्या वॉरंटीत विनाखर्च बदलून देईन.

फिंगरप्रिंट तरीही अडलं तर वरचे ३,२०० देऊन सर्व्हिस पॅक बसवून घ्या. मजुरी नाही, आणि आत्ताचं पॅनल काढताना तुटलं तर नुकसान माझं. ते नको असेल तर पॅनल ठेवून जा, ४,२०० परत घ्या. मग फोन स्क्रीनविना हातात येईल, हे मात्र आधीच सांगतो. सर्व्हिस पॅक मागवायला दोन दिवस लागतात, त्यामुळे येण्याआधी फोन करा आणि डेटाचा बॅकअप घेऊन ठेवा. यापुढे आमच्या बिलावर ‘सर्व्हिस पॅक’, ‘कंपॅटिबल ओलेड’ किंवा ‘एलसीडी, फिंगरप्रिंट चालणार नाही’ यांतलं एकच काहीतरी लिहिलेलं असेल.

स्क्रीनवर टेम्पर्ड ग्लास लावली असेल तर घरी काढू नका. जाड काचेनेही सेन्सर अडतो. इथे माझ्यासमोर आधी काचेवरून आणि मग काच काढून बोट लावून बघू, म्हणजे दोष पॅनलचा की काचेचा ते तिथेच कळेल.