व्याह्याला ‘बस’ म्हणायचं की ‘बसा’?

माझा शाळेपासूनचा मित्र गेल्या महिन्यात माझा व्याही झाला. चाळीस वर्षं एकमेकांना ‘काय रं’ म्हणत रंकाळ्यावर फिरलो, आणि आता त्याच्या पोराच्या घरात माझी पोरगी. बायकोनं आधीच बजावलं होतं, “चारचौघांत अरेतुरे करायचं नाही हां!”

मी भाषाविज्ञान शिकवतो, पण त्या दिवशी मांडवात माझी जीभ अडखळली. मग मी पळवाटा काढल्या. “जेवण झालं?” “गाडी कुठं लावली?” बघा, ‘लावलीस’ म्हटलं की तू, ‘लावलीत’ किंवा आपलं कोल्हापुरी ‘लावलीसा’ म्हटलं की तुम्ही. नुसतं ‘लावली’ म्हटलं की क्रियापद गाडीच्या मागं जातं आणि माणूस मोकळा सुटतो.

मराठीत हे जमतं, कारण आपला आदर वाक्यात आलेल्या माणसाला चिकटतो. तो माणूस वाक्यात नसेल तर क्रियापदात आदर दाखवायला जागाच नाही. ‘आज शनिवार आहे’ हे मी नातवालाही म्हणेन, कलेक्टरलाही. जपानीत तसं नाही. तिथं ऐकणारा कोण आहे त्यावर शेवटी ‘दा’, ‘देसु’ किंवा ‘दे गोझाइमासु’ येतं. भाषाविज्ञानाच्या अभ्यासक योशिको मात्सुमोतो यांनी 1988 मध्ये ब्राउन आणि लेव्हिन्सन यांच्या सभ्यतेच्या सिद्धांताविरुद्ध नेमकं हेच उदाहरण दिलं. ब्राउन-लेव्हिन्सन यांचं म्हणणं असं, की आपल्या बोलण्यानं समोरच्याच्या प्रतिष्ठेला धक्का लागू शकतो. धक्का किती, ते दोघांतलं अंतर, समोरच्याची सत्ता आणि मागणीचं ओझं यांची बेरीज करून ठरतं, आणि त्या मानानं आपण सभ्यता वापरतो. मात्सुमोतो विचारतात, शनिवार सांगण्यात कुणाच्या प्रतिष्ठेला कसला धक्का?

माझ्या मांडवातही ती बेरीज जमेना. अंतर शून्य. मागणी म्हणजे खुर्चीवर बसण्याची, तीही त्याच्याच सोयीची. मुलाकडचा म्हणून थोडी सत्ता धरा हवी तर, पण आम्ही दोघंच असतो तर तीही शून्यच. अडचण होती ती बघणाऱ्यांची. त्याची बहीण, माझे मेहुणे, दोन्हीकडची म्हातारी माणसं. मान राखायचा होता तो त्याचा एकट्याचा नव्हे, दोन घरांचा. मला वाटतं सिद्धांताची खरी उणीव इथं आहे, त्याचा हिशोब बोलणारा आणि ऐकणारा या दोघांतच संपतो.

आणि आज्ञार्थात पळवाट नाही. ‘बस’ किंवा ‘बसा’, मधलं काही नाही. (‘बसावं’ आहे म्हणा, पण कोल्हापुरात मित्राला ‘बसावं’ म्हटलं तर तो डोक्याला हात लावून ताप बघेल.) तो समोर उभा, खुर्ची रिकामी. मी काय म्हटलं असेन? “हितं खुर्ची हाय.”

त्यानं ओळखलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “बसा की व्याही, तुम्ही का उभं ऱ्हायलासा?” आणि खुर्ची माझ्याकडं सरकवता सरकवता कानाशी, “बस गप, घाम आलाय तुला.”