नुसते युनिट पाठवू नका, बिल पाठवा

“फोटो पाठवलाय बघ, भाडेकरूचे किती होतात ते लगेच सांग.” मावशीचा हा मेसेज मी काल रात्री साडेनऊला उघडला. वर एक करडा चौकोन, मधोमध बाण. दाबला तर फोटो उपलब्ध नाही. परत पाठव म्हटलं तर उत्तर आलं, “अगं डिलीट झाला वाटतं. 260 युनिट होते, तेवढ्यावर काढ ना. तुला काय, दोन मिनिटांचं काम.”

नाहीये दोन मिनिटांचं काम! गेली तीन वर्षं सांगतेय. सांगून सांगून घसा कोरडा पडला. घरात कुणाला ऐकायचंच नसेल तर मी काय करायचं?

मिरजेच्या आमच्या जुन्या घराला एकच मीटर आहे. वर मावशी राहते, खाली भाडेकरू, आणि त्यांच्यासाठी एक सबमीटर बसवलाय. भाडेकरू या रविवारी घर सोडतायत. जानेवारी 2025 चं एक बिल मावशीने तेव्हा भरून टाकलं होतं, त्यातला त्यांचा वाटा घ्यायचा राहिला. तो आता अनामत रकमेतून कापायचाय. सबमीटरवर त्यांचे 110 युनिट पडले, हे वहीत लिहिलेलं आहे. बिल मात्र सापडत नाही, आणि फोटो कुणाच्याच फोनमध्ये नाही.

मावसभावाने तेवढ्यात हिशोब करून टाकलासुद्धा. 260 युनिट म्हणजे 101 ते 300 चा स्लॅब, दर 10 रुपये 29 पैसे, म्हणून 110 गुणिले 10.29, झाले 1,131 रुपये 90 पैसे. वर बाकीचे आकार लावायचे आणि कापायचे. विषय संपला!

अरे, स्लॅब असा लागत नाही! दुसऱ्या स्लॅबमध्ये पाय टाकला म्हणून पहिल्या 100 युनिटांचा दर बदलत नाही. 2024-25 मध्ये महावितरणचा घरगुती दर पहिल्या 100 युनिटांना 4.71 होता आणि त्यापुढच्या 200 ना 10.29. म्हणजे 260 युनिटांचा वीज आकार 471 अधिक 160 युनिटांचे 1,646.40, एकूण 2,117.40. सरसकट 10.29 ने गुणलं तर 2,675.40 येतात. फरक बरोबर 558 रुपयांचा. वापर 101 ते 300 मध्ये कुठेही असो, त्या दरांत ही चूक केली की बरोबर 558 च जास्त लागतात, कारण ती पहिल्या 100 युनिटांवर युनिटमागे लावलेली 5 रुपये 58 पैशांची जादा रक्कम असते. हिशोब मोबाईलवर केला म्हणून तो बरोबर होत नाही.

मग मावशी म्हणाली, दोघांचा वेगवेगळा स्लॅब लाव. भाडेकरूचे 110, आपले 150. तोही हट्ट करून झाला. असं केलं तर त्यांचे 573.90 आणि मावशीचे 985.50, बेरीज 1,559.40. कंपनीने लावले 2,117.40. पुन्हा 558 ची खोट, या वेळी घरमालकाच्या खिशाला. कारण स्वस्तातले 100 युनिट एका मीटरला एकदाच मिळतात आणि आपण ते दोघांना वाटून बसलो. एका मीटरवर दोन घरं असली की आधी पूर्ण बिल काढायचं आणि मग युनिटांच्या प्रमाणात वाटायचं. याला दुसरा रस्ता नाही.

बरं, वीज आकार म्हणजे अख्खं बिल नव्हे. वहन आकार तेव्हा युनिटमागे 1.17 होता, म्हणजे 304.20. सिंगल फेजचा स्थिर आकार 128. तिन्ही मिळून 2,549.60, आणि त्यावर 16 टक्के वीज शुल्क 407.94. झाले 2,957.54. त्यातले 260 पैकी 110, म्हणजे भाडेकरूचे 1,251.27.

हे सगळं मी रात्री अकरापर्यंत केलं. आणि तरीही हा आकडा मी छाती ठोकून सांगू शकत नाही, याच गोष्टीचा मला संताप येतोय!

कारण इंधन समायोजन आकार मी धरलेलाच नाही. तो महिन्यागणिक बदलतो, स्लॅबप्रमाणे वेगळा असतो आणि त्यावरही वीज शुल्क लागतं. आठवणीने तो कोण सांगणार? तो बिलावर छापलेला असतो. त्याच बिलावर मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि बिलाचा कालावधीही असतो. 260 युनिट एका महिन्याचे की दोन महिन्यांचे, हे मावशीला आठवत नाही. डिसेंबरात मीटरला कुलूप होतं, रीडिंगवाला परत गेला होता, एवढंच तिला आठवतं. मग ते दोन महिन्यांचे असू शकतात ना? तसं असेल तर स्वस्त स्लॅब 200 युनिटांपर्यंत जातो आणि वीज आकार 1,559.40 होतो. स्थिर आकार दोनदा लागतो, तरी शुल्कासकट रक्कम 2,458.74 वर येते. शिवाय डिसेंबरला सरासरीचं बिल भरलं असेल तर ते पैसे यातून वजा व्हायला हवेत. त्याच 260 युनिटांना जवळपास 500 रुपयांचा फरक पडतो, आणि तो ठरवणाऱ्या दोन तारखा त्या हरवलेल्या फोटोत आहेत.

“पण भरले तेव्हा 3,610 भरले होते, मला पक्कं आठवतंय,” मावशी म्हणते. भरले असतील. पण त्यात मागची थकबाकी किती, व्याज किती? तिने आधीचं बिल वेळेवर भरलं नसेल तर ते भाडेकरूने का सोसायचं? खाली ‘देयकाची निव्वळ रक्कम’ दिसते म्हणून तीच वाटायला घ्यायची, ही तर सगळ्यात वाईट सवय. वाटायचं असतं ‘चालू वीज देयक’. थकबाकी ज्याची त्याच्याकडे.

खालची बाई खासगी दवाखान्यात रात्रपाळी करते. तीन वर्षं भाडं एक तारखेला दिलंय तिने. तिच्या अनामतीतून “अंदाजे पंधराशे” कापायला मावसभाऊ तयार बसलाय, आणि मी कागद मागितला की मीच किचकट! माझ्या हिशोबापेक्षा अडीचशे रुपये जास्त म्हणजे काय मोठंसं, असं मला ऐकवलं गेलं. मोठं आहे. ते तिचे आहेत.

म्हणून आज सकाळी गटावर सरळ लिहिलं. बिल ओट्यावर सपाट पसरा, चारही कोपरे दिसू द्या, उजवीकडच्या आकड्यांवर अंगठा ठेवू नका, घडी मोडा, मागची बाजूही काढा. फोटो नसेल तर बारा आकडी ग्राहक क्रमांक पाठवा. तो कुठल्याही जुन्या बिलावर सापडतो आणि त्यावरून मागची बिलं शोधता येतात. सबमीटरचा फोटो काढताना तारीख वहीत लिहा.

दुपारी मावशीचा फोटो आला. पाकिटाचा. वरचा पत्ता दिसतोय, आत बिल नाही.

रविवारपर्यंत बिल हातात आलं नाही तर अनामत पूर्ण परत जाईल, एक रुपया न कापता. मावशीला तसं फोनवर सांगून ठेवलंय.