थेंबे थेंबे मार्क गेले

सातव्या प्रश्नावर लाल फुली, शेजारी 'उत्तर : १६' आणि खाली 'दहा वेळा लिहून आणणे'. वर्कशीट माझ्या हातात देऊन मॅडम पुढच्या वॉर्डात गेल्यासुद्धा. जीएनएम नर्सिंगचं दुसरं वर्ष, वय एकवीस, आणि शिक्षा सातचा पाढा न येणाऱ्या पोराची!

प्रश्न असा : ५०० मिली एनएस, म्हणजे साधं सलाईन, आठ तासांत द्यायचं आहे, मिनिटाला किती थेंब सोडाल? मिलीला थेंबांनी गुणायचं आणि एकूण मिनिटांनी भागायचं. पण एका मिलीत किती थेंब बसतात ते प्रश्नात दिलंच नव्हतं. ते ठरतं सेटवरून, म्हणजे बाटलीला लावायच्या नळीवरून. आमच्या वॉर्डातल्या सेटच्या पाकिटावर '१ मिली = २० थेंब' असं छापलेलं असतं. म्हणून मी ५०० गुणिले २० केलं, दहा हजार आले. त्याला ४८० मिनिटांनी भागलं, २०.८३ आले. मी २१ लिहिलं. उत्तरपत्रिकेत १६, कारण ती ज्या पुस्तकावरून काढली त्यात मिलीला १५ थेंबांचा सेट धरलाय.

"नापास का, सिस्टर?"

अकरा नंबरच्या पेशंटचे मेहुणे. पेशंट जुलाब-उलट्यांनी गळून झोपलेला, आणि हे रिटायर्ड एसटी कंडक्टर त्याच्या उशाशी घड्याळ घेऊन बसलेले. वॉर्डात प्रत्येकाच्या कागदात डोकावणं हा त्यांचा उद्योग. परवा त्यांनी जेवणाच्या ट्रॉलीवाल्याकडे पोळ्यांचा हिशोब मागितला होता.

"नापास नाही हो काका. एक मार्क गेला."

"एकानंच ट्रे जुळत नाही," असं म्हणून त्यांनी वर्कशीट ओढून घेतली. चष्मा कपाळावरून खाली आला. "वीस पॉइंट त्र्याऐंशी? थेंब फुटतो होय मधून?"

"नाही, म्हणून तर पूर्ण आकडा करायचा."

"मग बरोबर आहे. हाफ तिकीट काढलेला माणूससुद्धा सीटवर अख्खाच बसतो."

वर्षभर 'जवळचा पूर्णांक' वगैरे ऐकलं, पण हे असं कुणी सांगितलं नव्हतं. काकांना आता चेव आला. मार्कासाठी नव्हे, वीस आणि एकवीस यांत फरक काय पडतो, एवढ्याचसाठी. पेनाचं टोपण काढून त्यांनी वर्कशीटच्या मागेच गणित मांडलं. एकवीसनं दहा हजार थेंब ४७६ मिनिटांत संपतात, म्हणजे गाडी चार मिनिटं लवकर डेपोत. वीसनं सोडलं तर बरोबर पाचशे मिनिटं, म्हणजे वीस मिनिटं लेट. "चार मिनिटं लवकर चालतंय," काकांनी निकाल दिला. "वीस मिनिटं लेट म्हणजे कंट्रोलरला उत्तर द्यायला लागतं."

"आणि मॅडमचं सोळा?" मी विचारलं. आता मलाही राहवेना.

सोळा थेंब, आमच्या वीसच्या सेटमधून. ६२५ मिनिटं. दहा तास पंचवीस मिनिटं! काका चष्म्यावरून बघतच राहिले. "अडीच तास लेट? ही गाडी ब्रेकडाऊन दाखवावी लागेल." तोंड आधीच कोरडं पडलेल्या त्या माणसाच्या अंगात पाणी अडीच तास उशिरा जाणार, हे लक्षात आल्यावर दोघांचंही हसू जरा ओसरलं. उलट झालं तर तेही वाईट : १५ च्या सेटवर माझे २१ थेंब सोडले, तर बाटली सहा तासांच्या आतच रिकामी. आणि लहान मुलांचा मायक्रो सेट लागला असेल, ज्यात मिलीला साठ थेंब, तर हेच २१ थेंब जवळजवळ चोवीस तास पुरतात. बाटली तीच, थेंब तेवढेच. बदलतो फक्त सेट, आणि नेमकं तेच प्रश्नात लिहायला विसरायचं!

बाय द वे, मी काही गणितातली हुशार नाही. पण माझ्या रूममेटपेक्षा बरी. तिसरा प्रश्न होता, डिगॉक्सिन १२५ मायक्रोग्रॅम द्यायचं आहे, गोळी ०.२५ मिलीग्रॅमची, किती गोळ्या? तिनं १२५ ला ०.२५ नं भागलं आणि शांतपणे पाचशे गोळ्या लिहिल्या. वर पेन्सिलनं चौकटही केली. आधी गोळीचे मायक्रोग्रॅम करायला हवेत, ०.२५ मिलीग्रॅम म्हणजे २५० मायक्रोग्रॅम, उत्तर अर्धी गोळी. पाचशे गोळ्या तळहातावर घेऊन बघितल्या असत्या तर तिचं तिलाच कळलं असतं. तिचाही एकच मार्क गेला आणि माझाही एकच, हे मला अजून पचलेलं नाही.

असो. "पाकीट कुठाय?" काका एकदम उठले.

"कुठलं पाकीट?"

"सेटचं! पुरावा नको?" आणि मी अडवायच्या आत त्यांनी कॉटजवळचा कचऱ्याचा डबा पुढे ओढला. मी "काका, हात घालू नका" म्हणते, शेजारच्या आजी "काय हरवलं गं, सोनं?" विचारतात, आणि काका मानेनंच "त्याहून जास्त" म्हणतात. शेवटी मी ग्लोव्हज घालून पाकीट काढलं. पाकीट नसलं तरी ओळखता येतं म्हणा : मायक्रो सेटच्या चेंबरमध्ये वर बारीक धातूची सुई दिसते, आपल्या साध्या सेटला ती नसते. पण १५ आणि २० मधला फरक डोळ्यांना दिसत नाही. तो छापलेलाच वाचावा लागतो.

काकांनी पाकीट मांडीवर ठेवून तळहातानं इस्त्री केली आणि '२० थेंब' वर पेनानं असा गोल काढला, जसा तिकिटाला चिमटा मारावा. मग घड्याळ धरून पूर्ण मिनिट थेंब मोजले. "एकवीस. सुटली गाडी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्युटीवर येते तोच काका दारात. "पाचला सहा कमी असताना संपायची होती, पाच वीसला संपली. चौकशी केली मी. पाहुण्यानं दुपारी हात दुमडून झोप काढली. मोजले तर चौदा थेंब!" सव्वीस मिनिटं लेट. मग वेग वाढवायला नळीवरचा रोलर कुणी सैल केला, विचारलं, तर इन्चार्ज सिस्टरनंच, हे बरं झालं. नाहीतर काकांनी स्वतःच गाडी पळवली असती. हात दुमडला, बाटली खाली आली, की साधी सलाईन आपला वेग बदलते. म्हणून बाटलीला पट्टी चिकटवून दर तासाची खूण करायची, ६२.५ मिलीला एक. हे वर्कशीटमध्ये नाही. वर्कशीटमधला पेशंट हात दुमडतच नाही.

मी प्रश्न दहा वेळा लिहिला. प्रत्येक वेळी उत्तर २१. त्या इस्त्री केलेल्या पाकिटाची झेरॉक्स वर टाचली आणि मॅडमच्या टेबलावर ठेवली.

आज परत आली. मार्क तेवढेच. झेरॉक्सशेजारी लाल पेनानं लिहिलंय : 'अनावश्यक कागद जोडू नयेत.'