ट्यूनिंगच्या खाली पोर्ट वूफरला वाचवत नाही

“बॉक्सला भोक ठेवलं की मागची दबलेली हवा मोकळी होते, म्हणून बेस वाढतो. हवा मोकळी म्हणजे वूफरवर ताण नाही, कितीही खालचा बेस सोडा. अँपचे वॅट वूफरच्या वॅटच्या आत असले की वूफर फुटतच नाही.”

गणपती जवळ आले की सांगली-मिरजेच्या साउंडवाल्यांच्या फोनवर हे फिरायला लागतं. त्यातली तिन्ही वाक्यं चुकीची आहेत, आणि दुसऱ्यावर विश्वास ठेवल्यामुळे चांगले वूफर मरतात.

आधी भोक. हवा नुसती मोकळी करायची असती तर बॉक्सची मागची फळीच काढली असती, आणि तसं केलं की बेस उलट पळून जातो. पोर्टच्या पाइपातल्या हवेला वजन असतं आणि बॉक्समधली हवा स्प्रिंगसारखी वागते. वजन आणि स्प्रिंग मिळून एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला जोरात डोलतात, तेच बॉक्सचं ट्यूनिंग. कुपवाडला कुणीही बनवून देईल असा बारा इंची वूफरचा साठ लिटरचा बॉक्स घ्या. त्यात आतून दहा सेंटिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप बसवायचा. तो पंचवीस सेंटिमीटर लांब ठेवला तर ट्यूनिंग साधारण ३५ हर्ट्झला येतं, बारा सेंटिमीटर ठेवला तर ४५ च्या आसपास. भोक तेवढंच, बॉक्स तोच, फक्त लांबी बदलली.

३५ हर्ट्झला गंमत अशी होते की पोर्टमधून हात उडवेल असा वारा येतो आणि कोन, म्हणजे वूफरचा पुढचा हलणारा पडदा, मात्र जवळजवळ हलत नाही. आतल्या हवेचा दाब त्याला धरून ठेवतो आणि आवाजाचं बहुतेक काम पाइपातली हवा करते. ट्यूनिंगच्या थोडं वर कोन आणि पोर्ट दोघं एकाच वेळी हवा बाहेर ढकलतात. बंद बॉक्समध्ये जो बेस आधीच गळायला लागला असता, तो इथे ट्यूनिंगपर्यंत टिकतो. म्हणजे ३५ हर्ट्झला वूफरवर ताण नसतो हे खरं, पण त्याचं कारण हवा मोकळी होणं नाही, आतल्या हवेने कोनाला धरणं आहे.

आता “कितीही खालचा बेस”. २० हर्ट्झ सोडा. हवेची हालचाल इतकी संथ होते की पाइपातल्या हवेच्या वजनाचा अडथळाच उरत नाही. कोन आत गेला की तेवढी हवा सरळ पोर्टमधून बाहेर येते, कोन बाहेर आला की आत जाते. पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खातो. बंद बॉक्सचा आवाज खाली एका ऑक्टेव्हला साधारण १२ डेसिबलने उतरतो, पोर्टवाल्याचा २४ डेसिबलने. कोनाला मागून धरणारी हवेची स्प्रिंगही गेली. आता त्याला थांबवायला उरलं फक्त कोनाच्या मागची लवचीक चकती म्हणजे स्पायडर आणि कडेचं सराउंड, जणू वूफर बॉक्सशिवाय हवेत टांगलाय. कोन खूप हलतो, ऐकू मात्र काहीच येत नाही.

म्हणूनच वॅटचा हिशोब इथे चालत नाही. वूफरवर छापलेले वॅट मुख्यतः कॉइल किती उष्णता सोसेल ते सांगतात. कोन किती मिलिमीटर हलेल हे फ्रिक्वेन्सी आणि बॉक्स ठरवतात. तीनशे वॅटचा वूफर ३५ हर्ट्झला पूर्ण तीनशे वॅट आरामात खाईल, आणि २० हर्ट्झला त्याच्या चौथ्या हिश्श्यातही कोनाची हद्द ओलांडू शकेल. वॅट चौथा हिस्सा केले तरी हालचाल निम्मीच होते, त्यामुळे आवाज थोडा कमी करून फारसं साधत नाही.

मेलेला वूफर उघडला की कारण समोर दिसतं. वॅटने जळलेली कॉइल काळी पडते आणि तिला वार्निशचा जळका वास येतो. ट्यूनिंगच्या खाली मारलेल्या वूफरची तार बऱ्याचदा तांब्यासारखी लख्ख असते, पण कॉइल ज्या नळीवर गुंडाळलेली असते तिची खालची कड चुंबकाच्या मागच्या प्लेटवर आपटून चेपलेली असते. स्पायडरचा गोंदही सुटलेला सापडतो. मरण्याआधी तो ठक्-ठक् आवाज करतो. तो “पंच” समजू नका, तिथेच आवाज खाली करा.

हा खालचा सिग्नल येतो कुठून? चार तारांच्या बेस गिटारची सर्वात खालची तार ४१ हर्ट्झची, म्हणजे ती ३५ च्या ट्यूनिंगच्या वरच आहे. धोका माइकवर आलेला वारा, माइक खाली पडणं, चालू लाइनमध्ये जॅक खुपसणं आणि मुद्दाम खालचा बेस भरलेले रिमिक्स यांचा.

आपल्या बॉक्सचं ट्यूनिंग माहीत नसेल तर फोनवरच्या टोन जनरेटरने हलक्या आवाजात ६० हर्ट्झपासून हळूहळू खाली या आणि कोनाकडे बघत राहा. हालचाल कमी होत होत एका जागी सर्वात कमी होईल आणि त्याच्या खाली एकदम वाढेल. ती सर्वात कमीची जागा म्हणजे ट्यूनिंग. मग प्रोसेसरवर HPF, म्हणजे खालचा बेस कापणारा फिल्टर, चालू करा आणि ३५ च्या बॉक्सला ३० ते ३२ हर्ट्झवर, २४ डेसिबल उताराने लावा. त्या फिल्टरने कापलेला बेस तुमच्या बॉक्समधून तसाही ऐकू येत नव्हता. आणि तिथेच तीसवर इक्वलायझरने बूस्ट दिलेला असेल तर तो काढून टाका.