चौदाचा आकडा आला कुठून?

"नव्या मालिकेच्या पूर्ण सीझनवर पैसा लावण्याआधी पायलट वीस जणांना दाखवा. चौदा किंवा जास्त जणांना आवडला तर डोळे झाकून सीझन करा, कमी भरले तर तिथंच थांबवा. प्रेक्षक ओळखीचेच घ्या, परके लोक मनापासून बोलत नाहीत. सगळ्यांना एकत्र बसवून चर्चा करा आणि ते सुचवतील ते बदल जसेच्या तसे करा. आकडा खोटं बोलत नाही."

हा मजकूर इतके दिवस नुसता फिरत होता, तोवर मी गप्प होतो. आता तो माझ्या भाचीच्या निर्मात्यापर्यंत पोहोचलाय. तिचा पायलट, म्हणजे मालिकेचा नमुना म्हणून आधी केलेला पहिला भाग, वीस जणांना दाखवला, बारा हात वर आले, आणि निर्मात्याचा निरोप आला की दोन कमी पडले, आपण थांबू या. दोन कमी पडले! जणू काही परीक्षेचा निकाल लागला. तिला विचारलं, हा चौदाचा नियम कुणी केला? तर म्हणाली, "मामा, सगळीकडे तसंच लिहिलंय."

सगळ्यात घातक मुद्दा हाच, म्हणून आधी तोच घेतो.

एक मालिका अशी आहे असं धरू, की ज्या प्रेक्षकांसाठी ती केली त्यांतल्या शंभरातल्या बरोबर सत्तर जणांना ती आवडेल. म्हणजे या नियमाच्या हिशेबाने ती करायलाच हवी. आता त्याच प्रेक्षकांतून कुठलेही वीस जण उचलून आणा. दर वेळी नेमके चौदाच निघतील का? नाही. कधी सोळा, कधी बारा, कधी अकरा. गणित करून पाहिलं तर तेरा किंवा त्याहून कमी हात वर येण्याची शक्यता साधारण ३९ टक्के येते. म्हणजे अशा करण्यालायक दहा मालिकांतल्या जवळपास चार हा नियम पहिल्याच खेळात मारून टाकतो. उलट बाजू बघा. जी मालिका शंभरातल्या साठांनाच आवडते, ती या नियमाने अडायला हवी. पण चारांतल्या एका खेपेस तिलाही चौदा किंवा अधिक हात मिळतात. यात कुणी लबाडी केलेली नसते. वीस माणसांचा घोळका एवढा लहान असतो, की दोन-तीन माणसं इकडची तिकडे झाली तरी निकाल फिरतो.

भाचीच्या बारा हातांचं काय? वीसातले बारा म्हणजे साठ टक्के, पण त्यावरून खऱ्या आवडीचा अंदाज बांधायचा तर तो साधारण ३९ ते ७८ टक्क्यांच्या पट्ट्यात कुठेही असू शकतो. सपशेल आपटणारी मालिकाही या पट्ट्यात बसते आणि गाजणारीही बसते. अशा आकड्यावर एका सीझनचा फैसला करायचा, तर नाणं उडवलं तरी फार फरक पडणार नाही.

मग वीसऐवजी चारशे घेतले तर? पट्टा दोन्ही बाजूंना पाच-पाच टक्क्यांच्या आसपास आकसतो हे खरं. पण तेवढ्यानेही काम भागत नाही. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेतली 'साइनफेल्ड'. १९८९ मध्ये एनबीसी या वाहिनीने तिचा पायलट प्रेक्षकांना दाखवून तपासला. अहवालात शेरा होता: कामगिरी कमकुवत. कुठल्याच वयोगटातला प्रेक्षक ती पुन्हा बघायला उत्सुक नव्हता. दोन माणसं लॉन्ड्रीत कपडे धुवायला जातात यात बघण्यासारखं काय आहे, अशी एक प्रतिक्रियाही त्यात नोंदवलेली आहे. मालिका तिथेच संपायची. पण रिक लुडविन नावाच्या अधिकाऱ्याने, ज्याच्याकडे विनोदी मालिकांचा विभाग नव्हताच, विशेष कार्यक्रमांसाठीच्या आपल्या पैशातून आणखी चार भागांची सोय केली. पुढे ती १९९८ पर्यंत चालली.

आता इथे मला नाइलाजाने एक गोष्ट कबूल करायला हवी. हे उदाहरण देऊन काही लोक लगेच म्हणतात की मग चाचणी म्हणजे थोतांड. तेही चूक. कमकुवत शेरा मिळालेले आणि खरोखरच कमकुवत असलेले पायलट ढिगाने असतील. ते विसरले गेले म्हणून त्यांचे किस्से कुणी सांगत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तोच अहवाल नीट वाचला तर त्यात कामाचं बरंच होतं. नायक जेरीला भक्कम साथीदार हवेत आणि त्याचा मित्र जॉर्ज हे पात्र प्रभावी वाटत नाही, असं त्यात म्हटलं होतं. त्या पायलटमध्ये जेरीची मैत्रीण एलेन नव्हतीच. ती पुढच्या भागांत आली आणि मालिकेच्या चार खांबांपैकी एक झाली. ती या अहवालामुळेच आणली असा माझा दावा नाही. पण प्रेक्षकांनी बोट नेमकं रिकाम्या जागेवर ठेवलं होतं. चुकला तो वरचा शेरा.

म्हणूनच पायलट थोड्या लोकांना दाखवावा, जरूर दाखवावा, फक्त त्यांना 'आवडला का' हा प्रश्न घालून हात मोजू नयेत. छोटा घोळका प्रमाण मोजायला निकामी असतो, पण बिघाड शोधायला उत्तम असतो. यालाही गणिताचा आधार आहे. समजा पायलटमधली एखादी गोष्ट दहांतल्या तीन प्रेक्षकांना कळतच नाही. दहाच माणसं बसवली तरी त्यांतल्या एकालाही ती अडचण न येण्याची शक्यता तीन टक्क्यांहून कमी. वीस बसवली तर ती हजारात एकाहूनही कमी. आवडीनिवडीबद्दल काहीच खात्रीने न सांगणारी हीच वीस माणसं, कथेत भोक कुठे आहे ते जवळजवळ खात्रीने दाखवतात. त्यासाठी शंभर जण लागत नाहीत.

'गेम ऑफ थ्रोन्स'चा पहिला पायलट आपल्याला दिसलाच नाही, तो याच कारणाने. २००९ मध्ये चित्रीकरण झालं आणि निर्मात्यांनी तो ओळखीतल्या मोजक्या लोकांना दाखवला. बघणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही की जेमी आणि सर्सी ही भावंडं आहेत. आता या भागाचा शेवटचा धक्का पूर्ण त्यावरच उभा आहे! ती भावंडं आहेत हे माहीत नसेल, तर शेवटी त्या दोघांना एकांतात पाहणाऱ्या मुलाला खिडकीतून का ढकललं हेच कळत नाही. लिहिणाऱ्यांच्या डोक्यात ते नातं इतकं पक्कं होतं की पडद्यावर ते कुठेच नीट आलेलं नाही हे त्यांना दिसलं नव्हतं. पायलटचा बहुतांश भाग पुन्हा चित्रित झाला, दोन महत्त्वाच्या भूमिकांतल्या अभिनेत्री बदलल्या, आणि २०११ मध्ये मालिका आली. तिथे कुणी हात मोजून सत्तर टक्के भरले का ते पाहिलं असतं, तर ही गोष्ट हाती लागली नसती.

तर विचारायचं हे: काय घडलं ते तुमच्या शब्दांत सांगा. कोण कुणाचं कोण लागतं? कुठे कंटाळा आला, कुठे गोंधळ झाला? पुढचा भाग आत्ता समोर असता तर लावला असता, की उठला असता? शेवटचा प्रश्न 'आवडला का' यापेक्षा बरा, कारण आवडला म्हणायला काही द्यावं लागत नाही, पुढचा भाग बघायला चाळीस मिनिटं द्यावी लागतात. आणि उत्तरांपेक्षाही चेहरे आणि हालचाल बघा. ज्या मिनिटाला तीन-चार जणांचे हात फोनकडे जातात, ते मिनिट लिहून ठेवा. क्षणाक्षणाची नोंद ठेवण्याची कल्पना काही नवी नाही. पॉल लाझार्सफेल्ड आणि फ्रँक स्टँटन या संशोधकांनी रेडिओच्या काळातच त्यासाठी यंत्र केलं होतं. श्रोत्याच्या एका हातात हिरवं बटण, दुसऱ्यात लाल. आवडलं की हिरवं, नाही आवडलं की लाल. शेवटी काय वाटलं यापेक्षा कुठे वाटलं हे त्यातून कळायचं.

ओळखीच्या लोकांबद्दल फार लिहायची गरज नाही. तुमच्या आतेभावाला तुमच्या घरी पुन्हा चहाला यायचं असतं, तो तुमच्या तोंडावर 'कंटाळवाणा झालाय' म्हणणार नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या उदाहरणात ओळखीचेच लोक होते, हे मान्य. पण त्यांत स्वतः पटकथा लिहिणारे होते, आणि सहकाऱ्याचं काम फाडून काढायची त्यांना सवय असते. अशी माणसं तुमच्याकडे असतील तर खुशाल बोलवा. नाहीतर परकेच बरे, फक्त ते मालिका ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यातले हवेत. आणि कुणी बनवलंय हे त्यांना शेवटपर्यंत सांगू नका. बनवणारा खोलीतच नको.

एकत्र चर्चा? आधी प्रत्येकाकडून कागदावर लिहून घ्या, मग काय बोलायचं ते बोला. पहिला मोठ्या आवाजाचा माणूस बोलला की मागचे पाच त्याचीच री ओढतात. भाचीकडे बारा हातांचा आकडा आहे आणि एकही कागद नाही, यातच सगळं आलं.

राहिला बदल जसेच्या तसे करण्याचा सल्ला. प्रेक्षकाला दुखतं कुठे ते कळतं, औषध कळतं असं नाही. 'द बिग बँग थिअरी' ही दोन तरुण शास्त्रज्ञांची विनोदी मालिका. तिच्या २००६ च्या पहिल्या पायलटमध्ये त्या दोघांच्या आयुष्यात येणारी मुलगी तिखट, फटकळ आणि थोडी दुष्ट होती. चाचणीत प्रेक्षकांना ती खटकली. आता याचा सरळ अर्थ लावला असता तर तिचे चार टोमणे कापून तोच भाग पुन्हा जोडला असता. लिहिणाऱ्यांनी त्यातून निराळीच गोष्ट ओळखली: प्रेक्षकांना ही दोन मुलं लहान पोरांसारखी निरागस वाटतात आणि त्यांना कुणी दुखावलेलं सहन होत नाही. म्हणून ते पात्रच काढून त्यांच्याशी मायेने वागणारी पेनी आणली आणि दुसरा पायलट केला. ती मालिका बारा सीझन चालली. तक्रार प्रेक्षकांची होती, पण तिच्यामागचं कारण लेखकांनी शोधलं.

भाचीला मी एवढंच सांगितलंय की पायलट पुन्हा दाखव, वीस नकोत, दहा-बारा जणांनाच दाखव, आणि कागद घे. जिथे चार जण एकाच ठिकाणी अडखळतील तिथलं एडिट बदल. आणि बदललेला भाग तपासायचा तर आधीच्या मंडळींना बोलावू नको. त्यांना आता गोष्ट माहीत आहे, नव्या एडिटमध्ये ती सांगितलीच नसली तरी त्यांना कळेल. दुसऱ्या खेपेला नवीन दहा जण लागतील, आणि निर्मात्याने खर्चाचा हिशेब मांडताना तेही आत्ताच धरावेत.