क्रांती पाहिजे, तीस सेकंदांची

गंगापूर रोडला तुमची टूबीएचकेची स्कीम उभी राहिली आहे. क्लब हाऊस झालं, जिम झाली, गच्चीवरून गोदावरी दिसते असं ब्रोशरमध्ये छापूनही झालं. राहिली फक्त जाहिरात. सनई-चौघडा नको, तो शहरातल्या प्रत्येक बिल्डरने वापरून झाला. नाशिक ढोल तर मुळीच नको. ढोल ऐकला की लोकांना वरात आठवते आणि वरातीपाठोपाठ कर्ज. तुम्हाला हवंय रॉक. त्यातही बंडखोर रॉक. योग्य विचार केलात, आता फक्त मी सांगतो तसं करा.

पहिली गोष्ट, गाणं प्रेमाचं निवडू नका. प्रेमगीत विकलं तर कोणाच्या पोटात दुखत नाही, म्हणजे ते कोणाच्या आतवर पोचलेलंही नसतं. सत्तेला, पैशाला, युद्धाला शिव्या घालणारं गाणं घ्या. कारण तुमचं गिऱ्हाईक कोण ते बघा. नव्वदच्या दशकात कॉलेज रोडच्या कट्ट्यावर बसून ज्यांनी मित्राच्या कॅसेटवरून कॅसेटी भरून घेतल्या, तीच ही पोरं. आता पन्नाशीला टेकलीत. तेव्हा बंड होतं, पैसे नव्हते. आता डोक्यावर केस नाहीत, पण बँक कर्ज द्यायला घरी येते. यांना फ्लॅट विकायचा तर अठराव्या वर्षीचं गाणं लावण्याइतका स्वस्त उपाय नाही. स्वस्त म्हणजे तुलनेने. बिलाकडे नंतर येऊ.

आता परवानगी. तुमचा मार्केटिंग बघणारा भाचा सांगेल, ‘मामा, आपल्या बँक्वेट हॉलचं आयपीआरएसचं लायसन्स आहे की!’ त्याला प्रेमाने खाली बसवा. आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांच्या वतीने पैसे गोळा करणारी संस्था, आणि तिचं ते लायसन्स हॉलमध्ये गाणी वाजवण्यापुरतं आहे. चित्राखाली गाणं बसवून त्यातून माल विकायचा, ही वेगळी परवानगी. मग तो म्हणेल, इन्स्टाग्रामवर गाणं आयतं मिळतं, तिथूनच उचलू. तिथलं बहुतेक संगीत लोकांनी वाढदिवसाच्या रील्सना लावावं म्हणून दिलेलं असतं, सदनिका विकण्यासाठी नव्हे.

खरं प्रकरण असं की एका गाण्याला मालक दोन. शब्द आणि चाल यांचा हक्क बहुधा प्रकाशकाकडे असतो, त्याच्याकडून घ्यायची ती ‘सिंक’ परवानगी. स्टुडिओत जे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण झालं त्याचा हक्क रेकॉर्ड कंपनीकडे, तिच्याकडून घ्यायची ती ‘मास्टर’. सातबाऱ्यावर दोन नावं असली की दोघांच्या सह्या लागतात, तसंच हे. आणि बहुधा दोघेही अटीत लिहून घेतात की दुसऱ्याला जास्त दिलेत तर मलाही तेवढेच द्यायचे. 1987 मध्ये नायकेने बुटांसाठी बीटल्सचं ‘रेव्होल्यूशन’ घेतलं तेव्हाही मालक असेच दोन होते. ध्वनिमुद्रण कॅपिटल कंपनीकडे होतं. गाण्याचे हक्क होते मायकेल जॅक्सनकडे, कारण दोन वर्षांपूर्वी त्याने ती अख्खी प्रकाशन कंपनीच विकत घेतली होती. दोन्हीकडचे कागद झाले, बूट क्रांतिकारक झाले, आणि मग बीटल्सच्या स्वतःच्या कंपनीने दावा लावला. परवानगी घेऊनही दावा, हे तुमच्या वकिलाला आधीच सांगून ठेवा.

या यादीत गायक कुठे आहे, असं तुम्ही विचारलं नाहीत. शाब्बास! विचारायचंच नाही. ज्याने गाणं लिहिलं त्याला गाठू नका, तो भावनिक होतो. त्याच्याकडे हक्क शिल्लक नसले म्हणजे तर सोन्याहून पिवळं. कसं ते एका उदाहरणाने नीट समजावतो, कारण तुमचा सगळा धंदा याच उदाहरणात आहे.

कॅलिफोर्नियाच्या क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडने 1969 मध्ये ‘फॉर्च्युनेट सन’ काढलं. लिहिणारा आणि गाणारा जॉन फोगर्टी. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं, सक्तीची भरती होती. साध्या घरची पोरं लढायला जात होती आणि पुढाऱ्यांची, पैसेवाल्यांची पोरं वाटा काढून घरी राहत होती. फोगर्टी स्वतः आर्मी रिझर्व्हमध्ये होता, त्यामुळे त्याचा राग ऐकीव नव्हता. गाण्यातला माणूस जीव तोडून ओरडतो की तो नशीबवान पोरगा मी नव्हे. सव्वादोन मिनिटांत सगळं आटोपतं.

पण तरुण वयात फोगर्टीने फँटसी रेकॉर्ड्सच्या करारावर सही केली होती. गाण्यांचे हक्क कंपनीचे झाले. पुढे त्या करारातून सुटण्यासाठी त्याने जुन्या रेकॉर्डवरची आपली रॉयल्टीसुद्धा सोडून दिली. मग 2000 सालच्या आसपास रँग्लर जीन्सला हे गाणं हवंसं वाटलं. फोगर्टीला विचारायची गरज कोणाला होती? मालक वेगळाच होता.

आता कारागिरी बघा. गाणं सुरू होतं ते काही लोक झेंडा फडकवायलाच जन्माला येतात, इथून. पुढे झेंड्याचे रंग. जाहिरातीने नेमकं एवढंच घेतलं: झेंडा, अभिमान, जीन्स. त्याच्या लगेच पुढच्या ओळीत तो झेंडेवाला तोफ आपल्याकडेच वळवतो. तिथे जाहिरातवाल्यांची कात्री लागली. मूळ गाण्यात जो टोमणा होता तो जाहिरातीत कौतुक झाला, आणि एक अक्षरही बदलावं लागलं नाही. तुम्हीही गाणं निवडताना कडव्याचं पहिलं अर्धं ऐका आणि लगेच बंद करा. पुढे काय म्हटलंय ते कळलं की हात थरथरतो.

फोगर्टी चिडला, जाहीरपणे बोलला. उपयोग शून्य. ही फँटसी कंपनी काय चीज होती ते सांगतो, जरा विषयांतर आहे पण राहवत नाही. तिने याआधी फोगर्टीवरच खटला भरला होता, की तुझं नवं गाणं हे तुझ्याच जुन्या गाण्याची चोरी आहे! जुन्याचे हक्क कंपनीकडे, म्हणून चोरी. 1988 मध्ये त्याने साक्ष देताना कोर्टात गिटार वाजवून दाखवली आणि ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल दिला. स्वतःच्या गाण्यांच्या हक्कांचा मोठा वाटा मात्र त्याच्याकडे यायला 2023 उजाडलं. तेव्हा तो 77 वर्षांचा होता.

आपल्याकडे अशी सोय थोडी कमी आहे, हे खेदाने नमूद करतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 प्रमाणे हक्क विकल्यानंतरही लेखकाला तक्रार करता येते, की माझ्या कृतीची मोडतोड करून माझ्या लौकिकाला धक्का लावला. शिवाय 2012 च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा असा केला, की त्यांनी सही करून सोडायचा म्हटलं तरी सुटत नाही. तेव्हा देशी बंडखोर घेताना कात्री जपून.

कोणीच हक्क दिले नाहीत तर तुमचा भाचा म्हणेल, ‘मामा, सातपूरला एक पोरगा आहे, हुबेहूब त्याच आवाजात गातो.’ टॉम वेट्स या घोगऱ्या आवाजाच्या गायकाच्या बाबतीत अमेरिकेत हाच शहाणपणा झाला. जाहिरातीत गायचंच नाही हे त्याचं जाहीर तत्त्व. डोरिटोस चिप्सवाल्यांनी 1988 मध्ये त्याची नक्कल करणारा गायक शोधला आणि वेट्सच्या एका गाण्याच्या धाटणीवर जिंगल केली. गंमत म्हणजे ते मूळ गाणं भूलथापा मारून माल खपवणाऱ्या विक्रेत्यांचीच टिंगल करणारं. वेट्स कोर्टात गेला. सुमारे 25 लाख डॉलरचा निकाल लागला आणि 1992 मध्ये अपिलातही त्यातला बहुतेक भाग टिकला. एवढ्यात खरं गाणं आलं असतं.

राहता राहिले चाहते. जाहिरात आली की ते रडतील, ‘विकला गेला’ म्हणतील. यातल्या बहुतेकांनी त्या गाण्यासाठी आयुष्यात एक रुपया खर्च केलेला नसतो, हे तोंडावर बोलू नका. सिनेमावाल्यांना ते असं का म्हणत नाहीत, हे मात्र समजून घ्या. हेच ‘फॉर्च्युनेट सन’ 1994 च्या ‘फॉरेस्ट गंप’मध्ये आहे. हेलिकॉप्टरमधून पोरं व्हिएतनामला उतरतात आणि गाणं सुरू होतं. तिथेही परवानगीचे पैसे मोजलेले होतेच. पण तिथे गाणं ज्याबद्दल होतं त्याच्याच शेजारी उभं होतं, आणि सिनेमा संपला की माणूस घरी गेला. जाहिरात घरीच येते, रोज येते, दर ओव्हरनंतर येते, आणि तोफेची ओळ कधीच येत नाही. महिनाभराने गिटारचे पहिले सूर ऐकले की आधी पँट आठवते. कट्टा, पाऊस, ज्या मित्राने कॅसेट दिली तो, हे सगळं त्यामागे रांगेत. चाहत्याचं नेमकं एवढंच गेलेलं असतं, आणि त्याची नोंद तुमच्या करारात कुठेच नसते. करारात असते मुदत, प्रदेश आणि माध्यम: एक वर्ष, महाराष्ट्र, टीव्ही आणि डिजिटल. त्याच्या डोक्यातून तुमची स्कीम कधी काढून घ्यायची, असं कलम मी अजून पाहिलेलं नाही. म्हणजे मुदतीनंतरची जाहिरात तुम्हाला फुकटच पडते!

धोका एकाच प्रकारच्या माणसाचा. द डोअर्सचा ड्रमवादक जॉन डेन्समोर. चौघांपैकी एकाने जरी नाही म्हटलं तरी गाणं द्यायचं नाही, असा या बँडचा आपसातला करार. 1968 मध्ये गायक जिम मॉरिसन गावात नसताना बाकी तिघांनी ब्यूक मोटारीसाठी एका गाण्याला हो म्हटलं होतं, आणि परतल्यावर मॉरिसन भडकला होता. तो 1971 मध्ये गेला. पुढे अनेक वर्षांनी कॅडिलॅकने दीड कोटी डॉलर देऊ केले तेव्हा हयात तिघांपैकी डेन्समोरने मान हलवली नाही. असा ड्रमवादक भेटला तर वाद घालत बसू नका. कॅडिलॅकच्या जाहिरातीत 2002 पासून लेड झेपेलिन या दुसऱ्याच बँडचं गाणं वाजत होतं, आणि गाड्या खपत होत्या. भाच्याला यादीतलं दुसरं नाव आत्ताच लिहून ठेवायला सांगा.