कदमांना काय म्हणायचं?

काल प्रबंध परत आला. मजकुराबद्दल चकार शब्द नाही, आक्षेप संदर्भाच्या कंसातल्या लेखकांच्या नावांवर. लाल शाईत शेरा: ‘चार नावे कशाला? एट अल. करा.’ म्हणजे पहिलं नाव ठेवून पुढे ‘आणि इतर’. मी तडक तपासणी विभागातल्या साहेबांपुढे जाऊन उभी राहिले.

“मॅडम, एपीए संदर्भशैलीची सातवी आवृत्ती,” साहेब मान वर न करता म्हणाले. “तीन किंवा जास्त लेखक असले की पहिल्या उल्लेखापासून पहिलं आडनाव आणि एट अल. पाठ आहे मला.”

पाठ होतंच. सहाव्या आवृत्तीत तीन ते पाच लेखकांची सगळी नावं पहिल्या खेपेला लिहावी लागत, ती कटकट २०१९मध्ये संपली. पण पाठांतर तिथेच थांबलं होतं.

“साहेब, जोशी, पाटील, शिंदे, कदम यांचा लेख २०२१चा. जोशी, पाटील, माने, कदम यांचाही २०२१चाच. दोन्हींचं ‘जोशी एट अल., २०२१’ केलं, तर वाचणाऱ्याने कुठला धरायचा?”

“मग वर्षाला ए, बी लावा की!”

“ते लेखक तेच आणि त्याच क्रमाने असतील तेव्हा. इथे तिसरा माणूस वेगळा आहे. फरक दिसेपर्यंत नावं लिहायची, मग एट अल.”

साहेबांनी बोटं मोजली. “जोशी, पाटील, शिंदे, एट अल. बघा, एक नाव वाचलं!”

“नाही वाचलं. मागे एकटे कदम उरतात. एट अल. अनेकांसाठी आहे, एकट्याला चालत नाही.”

“मग कदमांना काय म्हणायचं?”

“कदम.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “आणि पाच लेखक असते तर?”

“तर तीन नावांवर भागलं असतं.”

“म्हणजे माणूस वाढला की नावं कमी?” ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू नियम मीच केला होता.

खरं तर ए, बी मलाही भोगावे लागलेत. माझ्या मार्गदर्शकांचे, त्याच सहलेखकांसह, एकाच वर्षाचे दोन लेख. संदर्भसूचीत शीर्षकाच्या वर्णक्रमाने (सुरुवातीचे ए, ॲन, द सोडून) पहिला ए, दुसरा बी. सगळं जुळल्यावर सरांना तिसरा लेख आठवला, आणि त्याचं शीर्षक दोघांच्याही आधीचं! म्हणजे तो ए, जुना ए झाला बी, बीचा सी. सॉफ्टवेअरने हे आपोआप केलं असतं, पण याच विभागाला फाइल सॉफ्टवेअरच्या जोडण्या काढून हवी होती. मग हाताने फाइंड-रिप्लेस, तेही उलट्या क्रमाने: आधी बीचा सी, मग एचा बी. सुलट केलं तर सगळेच सी होतात, आणि कुठला मूळचा कोण हे कुणालाच सांगता येत नाही. हे त्यांच्या सूचनापत्रकात कुठेही नाही. मार्जिन किती सेंटिमीटर ते मात्र दोनदा आहे.

साहेबांनी शेवटी चारही नावांवर सही केली. मग सूची उलटत म्हणाले, “मॅडम, ए, बी, सी दिसतायत. डी राहिला का?”